चार फोटोंत सहा हेक्टर? हिशोब कुठे चुकतो

«ड्रोन १०० मीटरवर नेला की एका फोटोत १५० × १०० मीटर, म्हणजे दीड हेक्टर जमीन येते. सहा हेक्टरच्या शेताला चार फोटो पुरे. ८० टक्के ओव्हरलॅप हवा म्हणतात, तर ८० टक्के जादा धरा, आठ फोटो झाले. उंची निम्मी केली तर दुप्पट, सोळा. शंभर-शंभर फोटो काढणारे उगाच बॅटरी जाळतात.»

ड्रोनचे फोटो जोडून शेताचा नकाशा करण्याबद्दलच्या या दाव्यातलं पहिलं वाक्य बरोबर आहे, आणि म्हणूनच पुढचं सगळं लोकांना पटतं. फूटप्रिंट, म्हणजे एका फोटोत मावणारी जमीन, काढायची रीत सोपी आहे: उंचीला सेन्सरच्या रुंदीने गुणायचं आणि फोकल लांबीने भागायचं. फँटम ४ प्रो या ड्रोनच्या कॅमेऱ्याचा सेन्सर १३.२ × ८.८ मिमी आणि फोकल लांबी ८.८ मिमी आहे. त्यामुळे १०० मीटरवरून बरोबर १५० × १०० मीटर जमीन दिसते. हाच कॅमेरा आणि ३०० × २०० मीटरचं सपाट शेत धरून पुढे जाऊ.

खरी गफलत ओव्हरलॅपच्या अर्थात आहे. ८० टक्के ओव्हरलॅप म्हणजे ८० टक्के जादा फोटो नव्हेत. प्रत्येक फोटोचा ८० टक्के भाग आधीच्या फोटोत येऊन गेलेला असतो आणि नवी जमीन फक्त २० टक्के मिळते. फोटोची आखूड बाजू उड्डाणाच्या दिशेने ठेवली, तर १०० मीटरच्या २० टक्के, म्हणजे दर २० मीटरला एक फोटो घ्यावा लागतो. शिवाय ओव्हरलॅप दोन दिशांनी लागतो, पुढेमागे आणि शेजारच्या फेरीशीही, आणि दाव्यात नेमकी ही दुसरी दिशा गळली आहे. बाजूचा ओव्हरलॅप ७० टक्के धरला तर दोन फेऱ्यांमधलं अंतर १५० च्या ३० टक्के, म्हणजे ४५ मीटर येतं. एका फोटोमागे नवी जमीन किती? २० × ४५ म्हणजे ९०० चौरस मीटर. दीड हेक्टर कुठे आणि हे कुठे! ६०,००० चौरस मीटरला ९०० ने भागलं की ६७ फोटो येतात.

प्रत्यक्षात ६७ सुद्धा पुरत नाहीत, कारण फेऱ्या अपूर्णांकात मारता येत नाहीत. २०० मीटर रुंदीत ४५ मीटरची अंतरं बसवायला पाच अंतरं, म्हणजे सहा फेऱ्या लागतात. ३०० मीटरच्या एका फेरीत १६ फोटो होतात. सहा सोळे शहाण्णव. फेरीच्या दोन्ही टोकांना हद्दीबाहेर दोन-दोन फोटो जादा घेतले तर १२० होतात, आणि ते घ्यावेतच. नाहीतर बांधावरची जागा मोजक्याच फोटोंत येते आणि नकाशाच्या कडा वेड्यावाकड्या होतात.

एवढे फोटो कशाला, हा प्रश्न रास्त आहे. शेत नुसतं बघायचं असेल तर चार फोटो खरोखर पुरतात. नकाशा म्हटला की गोष्ट बदलते, कारण फोटोच्या मध्यापासून दूर असलेली प्रत्येक उंच वस्तू बाहेरच्या बाजूला झुकलेली दिसते. पाच मीटर उंचीचं झाड फोटोच्या मध्यापासून ६० मीटरवर असेल, तर १०० मीटरवरून पाहताना त्याचा शेंडा जमिनीवर तीन मीटरहून जास्त सरकलेला दिसतो. पाचाला साठने गुणा आणि शेंड्यापासून ड्रोनच्या उंचीने, म्हणजे ९५ ने भागा. शेजारच्या फोटोत तेच झाड उलट दिशेला झुकतं. असे चार फोटो कडेला कडा लावून जोडले तर झाड दोनदा येतं किंवा अर्धं कापलं जातं, आणि पिकाच्या ओळी सांध्यावर तुटतात.

दाट ओव्हरलॅपमध्ये प्रत्येक फोटोच्या मधला २० × ४५ मीटरचा तुकडाच वापरला तरी भागतं. त्या तुकड्याचा कोपरासुद्धा मध्यापासून सुमारे २५ मीटरवर असतो, तिथे त्याच झाडाचा झुकाव सव्वा मीटरच्या आसपास उरतो. उरलेला झुकाव काढायला फोटो जोडणाऱ्या सॉफ्टवेअरला जागेची उंची कळावी लागते, आणि उंची कळते ती एकच ठिपका वेगवेगळ्या कोनांतून ओळखता आला तरच. आपल्या हिशोबात शेताच्या मधला ठिपका सरासरी सोळा-सतरा फोटोंत येतो. हे चैनीचं वाटेल, पण उभं पीक हा अवघड विषय आहे: पानं सगळी सारखी दिसतात आणि वाऱ्याने हलतात, त्यामुळे त्यातले बरेच ठिपके जुळतच नाहीत. नांगरलेल्या रानावर किंवा बांधकामावर कमी ओव्हरलॅप चालून जातो. दाट पिकावर मी तो कधीच कमी करणार नाही.

आता उंची. उंची निम्मी केली की फूटप्रिंटची लांबीही निम्मी होते आणि रुंदीही, म्हणून फोटो दुप्पट न होता साधारण तिप्पट-चौपट होतात. ५० मीटरवर त्याच शेताला १० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत ३१ फोटो, एकूण ३१० लागतात (टोकांचे जादा सोडून). बदल्यात १०० मीटरवर २.७ सेंटिमीटरचा असलेला पिक्सेल १.४ सेंटिमीटरचा होतो. रोपं मोजायची असतील तर तो मोबदला योग्य आहे. पाणी कुठे तुंबतं एवढंच पाहायचं असेल तर अजिबात नाही.

दाव्यात सपाट जमीन गृहीत धरली आहे, तीही तपासायला हवी. ड्रोन उंची मोजतो ती बहुधा उडाला त्या जागेपासून. शेताचं दुसरं टोक २५ मीटर चढावर असेल, तर तिथे ड्रोन जमिनीपासून ७५ मीटरवरच असतो. फूटप्रिंट आक्रसतो, फोटोंमधलं अंतर मात्र तेच राहतं. पुढचा ओव्हरलॅप ८० वरून ७३ टक्क्यांवर येतो आणि बाजूचा ७० वरून ६० वर. नकाशात भोकं पडतात ती सहसा याच चढाच्या टोकाला. उपाय म्हणजे जमिनीच्या चढउताराप्रमाणे उंची बदलणारं उड्डाण आखणं, किंवा चढाच्या टोकावरूनच उडवून हिशोबही तिथलाच धरणं.

ओव्हरलॅप कमी पडला हे शेतातून निघण्याआधी कळलं तरच उपयोग आहे, कारण न घेतलेला फोटो कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. आधी फोटो मोजा: १२० आखले आणि ११२ निघाले, तर कॅमेरा कुठेतरी चुकला आहे. बहुतेकदा कारण वेग असतो. दोन फोटोंत कॅमेऱ्याला दोन सेकंद लागत असतील, तर २० मीटरच्या अंतरासाठी सेकंदाला १० मीटर ही कमाल मर्यादा झाली. ५० मीटर उंचीवर ती ५ मीटरच राहते. घरी आल्यावर सॉफ्टवेअरच्या अहवालात किती फोटो जुळले ते पाहा. मग दोन बांधांमधलं अंतर टेपने मोजून नकाशावरच्या अंतराशी ताडून बघा.

आणि बॅटरी खरोखरच पुरत नसेल, तर ओव्हरलॅपला हात लावू नका, परवानगी असेल तितकी उंची वाढवा. १२० मीटरवर हेच शेत पाच फेऱ्यांत, फेरीला १४ याप्रमाणे ७० फोटोंत बसतं, टोकांचे जादा धरून ९०. पिक्सेल ३.३ सेंटिमीटरचा होतो. रोपं मोजता येणार नाहीत, पण बांध, चर आणि पीक विरळ झालेले पट्टे स्वच्छ दिसतात.