दुःखाच्या छटा : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया : “लेख वाचला. उदास, खिन्न, विषण्ण, हताश हे शब्द कोशात एकमेकांशेजारी बसतात; त्यांतला फरक म्हणजे निव्वळ कीस काढणे आहे. चांगला कथाकार भावनेचे नावच घेत नाही, तो प्रसंग दाखवतो. मग नवोदितांना ही शब्दांची यादी कशाला?”

महोदय,

प्रसंग दाखवावा, हे मला मान्यच आहे; किंबहुना फरक कळणे आवश्यक आहे ते त्यासाठीच. शब्द कागदावर आला नाही तरी चालेल, परंतु पात्र नेमके कोणत्या दुःखात आहे हे लेखकाला ठाऊक नसेल, तर दाखवायचे काय हे तो ठरवणार कशावरून? नाट्यशास्त्रात शोक हा करुण रसाचा स्थायी भाव मानला आहे, तर विषाद, दैन्य, चिंता, निर्वेद यांना ३३ व्यभिचारी भावांत स्वतंत्र स्थान दिले आहे आणि प्रत्येकाची कारणे व अंगावर दिसणाऱ्या खुणा निरनिराळ्या सांगितल्या आहेत. हाती घेतलेले कार्य तडीस न जाणे आणि दैव आडवे येणे, ही तेथे विषादाची कारणे आहेत. ही विभागणी नटांसाठी, म्हणजे दाखवणाऱ्यांसाठीच केलेली होती.

एक प्रसंग घेऊ. कोकणातले घर, गणपती पोचवून झाले आहेत, मुंबईची मंडळी दुपारच्या एसटीने परत गेली आहेत आणि वृद्ध आई घरात एकटी उरली आहे. नवोदित लेखक येथे हमखास ‘ती उदास झाली’ असे लिहितो आणि पुढे काय घडवावे हे न सुचल्यामुळे तिला खिडकीशी बसवून पाऊस पाडतो.

तिला हुरहूर लागली आहे असे समजा. या भावनेला ठोस कारण लागत नाही. कोणी वाईट वागलेले नसते, फक्त गजबज ओसरलेली असते. ‘ती हुरहूर करते’ असे आपण म्हणत नाही, तिला हुरहूर लागते. म्हणजे ती भावना बाहेरून येऊन चिकटते आणि माणसाला एका जागी बसू देत नाही. म्हणून ही आई माजघरातून ओटीवर आणि ओटीवरून पुन्हा माजघरात जाईल, सवयीने जास्तीच्या कपांचा चहा टाकेल, नातवाची राहिलेली चप्पल उचलून पुन्हा होती तेथेच ठेवील. या दुःखात थोडी गोडीही असते, त्यामुळे तिला हसू आले तरी बिघडत नाही.

आता निघताना मुलगा सहज म्हणाला असे धरा, ‘एवढे मोठे घर आता ठेवायचे कशाला?’ येथे ती खिन्न होईल. या खिन्नतेला कारण आहे आणि ते एका वाक्यात सांगता येते. तेच वाक्य तिच्या मनात घोळत राहील. कामे चालूच राहतील, पण बोलणे कमी होईल. शेजारीण ‘गेली का मंडळी?’ असे विचारील, तेव्हा उत्तर एका शब्दात येईल.

हताश होण्यासाठी आधी आशा असावी लागते, आणि ती वाचकाला पूर्वी दिसलेली असावी लागते. मुलगा कधीतरी कायमचा येईल म्हणून ती दर उन्हाळ्यात घर शाकारून घेत आली आहे, हे कथेच्या सुरुवातीस आले असेल, तरच गड्याने ‘यंदा कौले कधी काढायची?’ असे विचारल्यावर तिने ‘राहू दे’ म्हणणे भिडते. तो धागा आधी नसेल, तर हे ‘राहू दे’ केवळ थकव्याचे वाटेल.

शब्द चुकला हे ओळखण्याची माझी पद्धत साधी आहे : पुढची चार वाक्ये पाहावीत. ‘हताश’ लिहून ती चौथ्या वाक्यात दिवाळीच्या पोह्यांची तजवीज करू लागली, तर ती हताश नव्हती. ‘उदास आणि खिन्न’ अशी जोडी वापरली असेल, तर बहुधा लेखकाने निर्णय टाळलेला असतो. (स्पर्धांसाठी आलेल्या कथांत ही जोडी इतकी आढळते की, ती दिसताच मी पेन्सिल उचलतो.)

‘विषण्ण’ या शब्दाबाबत मात्र आपली शंका बऱ्याच अंशी रास्त आहे. तो जड तत्सम शब्द आहे. ‘सद्’ धातूतला बसण्याचा, खचण्याचा अर्थ त्यात आहे, त्यामुळे दिवेलागण होऊनही दिवा न लावता बसून राहिलेल्या आईला तो निवेदनात शोभेल. पण तिच्या तोंडी घातला तर हसू होईल. ती स्वतः फार तर ‘करमत नाही’ म्हणेल, किंवा ‘चुकल्याचुकल्यासारखे होते’ म्हणेल. कवितेत तर ‘करमत नाही’ हे दोन शब्द ‘विषण्ण’पेक्षा पुष्कळदा अधिक काम करतात, आणि माझ्या यादीत ते त्याच कारणासाठी घेतलेले आहेत.