सीन ५७ : उजवी बाही, दोन घड्या

सिनेमात लोक जेवायला बसले की प्रेक्षकांना भूक लागते आणि माझी मरते. मी कंटिन्युइटी बघते. एकाच प्रसंगाचे तुकडे वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गावी आणि बहुतेक वेळा उलट्या क्रमाने चित्रित होतात. ते जोडल्यावर नायकाचं घड्याळ या मनगटावरून त्या मनगटावर जाऊ नये, एवढंच माझं काम. एरवी सेटवर मी आहे की नाही हे कुणाच्या लक्षातही येत नाही. पण दिग्दर्शक मॉनिटरकडे बघून नुसतं "अं?" म्हणाला की लाइटमनपासून चहावाल्यापर्यंत सगळे माझ्याकडे वळून बघतात.

उलट्या क्रमाने का, हे माझी आत्या दर दिवाळीत विचारते. तर, वाड्याचं भाडं दिवसावर असतं. एकदा वाडा घेतला की वाड्यातलं सगळं उरकायचं, मग ते गोष्टीत पहिलं असो की शेवटचं. त्यामुळे आमच्या सिनेमात माधव ताटावरून उठून अंगणात आला तो आधी, वाईजवळच्या एका वाड्यात. आणि ज्या ताटावरून तो उठला ते ताट वाढलं तीन आठवड्यांनी, गोरेगावच्या चित्रनगरीतल्या सेटवर. कागदावर अंगण म्हणजे सीन ५८ आणि जेवण म्हणजे सीन ५७. मधे फक्त एक उंबरठा. आमच्यासाठी त्या उंबरठ्याची एक बाजू सातारा जिल्ह्यात आणि दुसरी मुंबईत.

वाईला हे दृश्य तिन्हीसांजेचं होतं. सूर्य मावळल्यावर आकाशात जो निळसर उजेड उरतो, तो कॅमेऱ्याच्या कामाचा जेमतेम वीसेक मिनिटं टिकतो. तेवढ्यात दोन टेक झाले तर नशीब. अशा घाईत आमच्या नायकाला सुचलं. तो उजवी बाही कोपरापर्यंत दुमडून, ओला हात डाव्या खांद्यावरच्या पंचाला पुसत बाहेर आला. डावी बाही खाली, बटण लावलेलं. मनगटावर घड्याळ नाही. "जेवून उठलोय ना, म्हणून," तो म्हणाला. दिग्दर्शकाने "ओके" म्हटलं आणि उजेड गेला.

त्या क्षणी सीन ५७ बांधला गेला. गोष्टीत जे आधी घडतं, त्याने आता नंतर घडलेल्याचं ऐकायचं. मी वहीत लिहिलं : "५८, टेक २ ओके. माधव : उजवी बाही दोन घड्या, कोपराच्या खाली दोन बोटं. पंचा त्याच्या डाव्या खांद्यावर, लाल काठ बाहेर. घड्याळ नाही. दारातून उजवा पाय आधी." यातला "त्याच्या" हा शब्द फार मोलाचा. नुसतं "डावा" लिहिलं की कॅमेऱ्यामागचे लोक स्वतःचा डावा धरतात, नटाचा डावा राहतो बाजूला आणि पंचा खांदा बदलतो. म्हणून मी नटाचा डावा तो "त्याचा डावा" आणि फ्रेममधला डावा तो "कॅमेरा डावा" असंच लिहिते.

हे सगळं जेवणाच्या ताटापाशी येऊन विकोपाला जातं. आपल्याकडे ताटाला स्वतःचीच डावी-उजवी बाजू असते. मीठ, लिंबू, लोणचं, चटणी, कोशिंबीर डावीकडे, भाजी-आमटी उजवीकडे, मधे भाताची मूद. जेवणाऱ्याची डावी बाजू म्हणजे समोरच्या कॅमेऱ्याची उजवी. सेटवरच्या आर्टदादांनी मॉनिटरवर बघून "लोणचं उजवीकडे दिसतंय, चुकलंय" म्हणून ते प्रेमाने उचलून आमटीशेजारी नेऊन ठेवलं. मी ते परत आणलं. चहाच्या सुट्टीत ते पुन्हा गेलं. शेवटी आजीचं काम करणाऱ्या ताईंनीच त्यांना सुनावलं, "अहो दादा, मी सत्तरी ओलांडली. लोणचं कुठे वाढतात ते आता मॉनिटरला विचारू का?"

या ताईंवर मी जीव ओवाळून टाकीन. रंगभूमीवर आयुष्य गेलेलं. पहिल्या तालमीलाच मला बोलावून म्हणाल्या, "लिहून घे बाळ. 'हे घर' म्हणताना घास उचलते, 'तुझ्या सासऱ्यांनी'वर तो थांबतो, आणि खाली ठेवते ती सुनेने 'आई' म्हटल्यावर. शंभर टेक घे, तिथेच ठेवीन." आणि ठेवला. घासही एवढासा, सुपारीएवढा, कारण प्रत्येक टेकला तो खरंच तोंडात गेला तर पाचव्या टेकला वाक्य बाहेर येत नाही.

आमचा नायक मात्र भावनेने जेवतो. पहिल्या टेकला तो "मी वाडा विकतोय" म्हणण्याआधी पाणी प्यायला. दुसऱ्या टेकला म्हणून झाल्यावर. तिसऱ्याला पेला हातात धरून नुसता बसला, चौथ्याला पोळीचा तुकडा मोडत राहिला, आणि कट झाल्यावर मला म्हणाला, "तू फोटो काढलास ना? मग झालं तर."

नाही झालं. सगळ्यांना वाटतं, मोबाइल आल्यापासून हे काम सोपं झालं. पूर्वी पोलरॉइड जपून काढावे लागत, आता हवे तेवढे फोटो. पण फोटो फक्त वस्तू कुठे होती ते सांगतो, हात केव्हा हलला ते सांगत नाही. शिवाय तो काढायचाही "कट"नंतर लगेच, कुणी हलण्याआधी, कारण टेकच्या सुरुवातीचं ताट आणि शेवटचं ताट यांत एका भांडणाचं अंतर असतं. मी "हलू नका!" म्हणून ओरडते तोवर स्पॉटदादा पेला भरून मोकळे झालेले असतात.

म्हणून खरी नोंद संहितेवर, शब्दाला चिकटवून करायची. संवादांवरून उभी रेघ ओढायची : ज्या ओळी त्या शॉटमध्ये नट कॅमेऱ्यासमोर बोलतो तिथे सरळ, आणि तो कॅमेऱ्याबाहेरून बोलतो तिथे नागमोडी. रेघेच्या डोक्यावर शॉट आणि टेक. मग ज्या शब्दावर पेला उचलला त्या शब्दावर खूण, पेला ठेवला तिथे दुसरी. आधी मास्टर, म्हणजे सगळे दिसतात असा शॉट. मग खांद्यावरून, मग एकेकाचा क्लोज. या पुढच्या सगळ्या शॉटांनी मास्टरमधल्या ओके टेकसारखं वागायचं, शेवटच्या टेकसारखं नव्हे. नट मात्र शेवटचा टेकच लक्षात ठेवतात. म्हणून मी जेवणाच्या सुट्टीनंतर नायकाला वही दाखवली, "ओके टेक चौथा आहे. 'विकतोय'वर पोळी मोडायची, पाणी प्यायचं नाही." तेवढ्यात दिग्दर्शक मागून म्हणाला, "आणि दुसराही होल्डवर ठेव हं. त्यात याचे डोळे छान होते." म्हणजे माधवने एकाच वेळी पाणी पिऊन झालेलं असलं पाहिजे आणि पेला भरलेलाही असला पाहिजे. आम्ही क्लोज दोन्ही प्रकारे घेतला.

पोळ्यांची सोय असते. आर्टवाले ढीगभर लाटून आणतात आणि फोटो समोर धरून, शिंप्यासारखे, प्रत्येकीचा तेवढाच चतकोर तोडतात. वरण-भात पुन्हा कालवता येतो, फक्त वरणाला साय धरली की ते बदलावं लागतं. पापड मात्र लेखकांनी लिहू नये, अशी माझी हात जोडून विनंती आहे. जगात दोन पापड सारखे मोडत नाहीत. आमच्या लेखकाने पापड लिहिला होता, आणि वर कंसात "रागाने चुरतो".

आता वेळेचं. बाहेर तिन्हीसांज आहे, म्हणजे आत साडेनऊ वाजून चालणार नाहीत. "साताला कोण जेवतं?" हा प्रश्न युनिटमधल्या प्रत्येकाने एकदा तरी विचारला. गावाकडे जेवतात, आजी तर जेवतेच. भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला आणि काटे सात-दहावर लावले. सेल राहिला असता तर एका वाक्यात माधव सात-दहाला चिडला असता आणि पुढच्या वाक्यात पावणेदोनला. सेटवर सकाळचे अकरा वाजले होते. खिडकीबाहेर कॅमेरामनने दिव्यांना निळे जिलेटिन लावून वाईचं आकाश उभं केलं, आणि आत पिवळा उजेड ठेवला. माझ्याकडे ५८च्या फ्रेमचा फोटो होता. त्यात दाराच्या फटीतून आतला दिवा दिसत होता, त्यामुळे आत दिवा लागलेला हवा हेही ठरूनच गेलं.

दिवा म्हणजे समई. समई खरोखर जळते, तेल खाली जातं, वात काजळते. प्रत्येक कटला ती मालवायची, ॲक्शनच्या आधी लावायची, आत पेन्सिलीने केलेल्या खुणेपर्यंत तेल घालायचं. सुनेच्या केसांतला गजरा दिव्यांच्या उष्णतेने दुपारपर्यंत मान टाकतो, म्हणून हेअरदीदींनी त्याचे जुळे भाऊ बर्फाच्या डब्यात ठेवले होते. गोष्टीत पाच मिनिटांचं जेवण, आणि त्यात गजऱ्याच्या तीन पिढ्या खपल्या.

एवढं करून सिनेमा संकलकाकडे गेला. त्याने दुसऱ्या टेकमधले डोळे घेतले, चौथ्यातली पोळी घेतली, आणि मधे पेल्यातलं पाणी स्वतःहून वाढलं. मी दाखवलं. तो शांतपणे म्हणाला, "वॉल्टर मर्च या हॉलिवूडच्या संकलकाने कटचे सहा निकष दिलेत. भावनेला ५१ टक्के. खोलीत कोण कुठे आहे, याला ४." मी हिशेब केला. माणसांना मिळून चार, तर पेल्याच्या वाट्याला किती येत असतील? वाईट याचं वाटलं, की कट बघितल्यावर मलाही डोळेच दिसले. बाही मात्र सगळीकडे दोन घड्यांची होती. त्याबद्दल तो काहीच बोलला नाही, आणि आमच्या धंद्यात हीच पावती.

मग आठवड्याने निर्मिती विभागातून फोन : पॅचवर्क आहे, ताटाचा एक क्लोज हवा, हात पापड चुरतो. नायक दुसऱ्या सिनेमासाठी दाढी काढून परगावी गेलेला. "फक्त हातच आहे," ते म्हणाले, "कुणाचाही घे." कुणाचाही कसा घेणार? नखं, केस, मनगटाची जाडी, आणि करंगळीशेजारच्या बोटातली अंगठी. सगळ्यांना बाह्या वर करायला लावून मी रांगेत हात तपासले, तेव्हा जुळला तो सेटिंगवाल्या एका पोराचा. त्याला शर्ट घातला, उजव्या बाहीला दोन घड्या घातल्या, पंचा दिला, ताट वाढलं. लोणचं डावीकडे. संहितेवरच्या खुणा वाचून त्याला समजावलं : 'आई' ऐकलं की मूठ आवळायची, पापडाचा चुरा होऊन भाताच्या उजव्या अंगाला पडला पाहिजे, पोळीला हात लावायचा नाही.

पोरगा नेमका वागला. पहिलाच टेक ओके. मी "हलू नका!" म्हणून मोबाइल काढेपर्यंत त्याने वरण-भात कालवून दोन घास घेतले होते.

"ताई, अजून एक टेक आहे का?" त्याने विचारलं. "आमटी छान झालीय."