विम्याचा क्लेम नाकारल्यावरची लीगल नोटीस: फॉरवर्डमधले चार दावे

«क्लेम रिजेक्ट झाला? ग्राहक मंचात जाण्याआधी वकिलाची 15 दिवसांची लीगल नोटीस कायद्याने सक्तीची आहे, नाहीतर केस दाखलच होत नाही. नोटीस गेली की दोन वर्षांची मुदत थांबते. नोटिशीत बिलाच्या दहापट मागा, कंपनी घाबरून सेटलमेंटला येते. कारणांच्या खोलात जाऊ नका, ते कोर्टात बघू. सर्व ग्रुपवर पाठवा.»

पहिला दावा. ग्राहक संरक्षण कायदा 2019 चं कलम 35 तक्रार कशी दाखल करायची ते सांगतं. त्यात आधी नोटीस देण्याची अट नाही आणि वकील लावण्याचीही नाही. ग्राहक मंचालाच आता ग्राहक आयोग म्हणतात, आणि तक्रारदार स्वतः जिल्हा आयोगासमोर उभा राहू शकतो. हा गैरसमज बहुधा दुसऱ्या कायद्यांतून इथे आला असावा. सरकारविरुद्ध दावा लावायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 खाली दोन महिन्यांची नोटीस लागते, आणि चेक बाउन्स झाला तर पैसे भरायला 15 दिवस देणारी नोटीस लागते. तो 15 चा आकडा तिथून उचललेला दिसतो.

लेखी पत्र खरोखर लागतं ते विमा लोकपालाकडे. 2017 च्या लोकपाल नियमांप्रमाणे आधी कंपनीकडे लेखी म्हणणं मांडावं लागतं आणि एक महिना वाट पाहावी लागते. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तरच लोकपाल तक्रार घेतात. 50 लाखांपर्यंतचे दावे तिथे चालतात, फी नाही. म्हणून मी नोटीस पॉलिसीधारकाच्याच सहीने, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे पाठवा असं सांगतो. एकाच कागदात दोन्ही दारं उघडी राहतात. मात्र क्रम सांभाळा. प्रकरण आयोगात दाखल केलं की लोकपालांचं दार बंद होतं. उलट लोकपालांचा निवाडा पटला नाही तर तक्रारदाराला आयोगात जाता येतं.

दुसरा दावा. चारांत सर्वांत घातक हाच आहे. कलम 69 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत आयोगात यावं लागतं, आणि क्लेम नाकारल्याच्या पत्राची तारीख हे ते कारण. त्यानंतर तुम्ही नोटीस पाठवा, स्मरणपत्रं पाठवा किंवा कंपनीला फेरविचार करायला लावा, घड्याळ चालूच राहतं. उशीर माफ करण्याची तरतूद आहे, पण त्यासाठी पुरेसं कारण दाखवावं लागतं आणि «आमचा पत्रव्यवहार चालू होता» हे सहसा पुरत नाही. लोकपालांची मुदत तर एकाच वर्षाची आहे. पत्र हातात पडलं की त्याच्या पाकिटावरच दोन्ही शेवटच्या तारखा लिहून ठेवाव्यात. पाकीटही टाकू नये, पत्र कधी पोचलं त्याचा तो पुरावा असतो.

कारणांच्या खोलात जाऊ नका हा चौथा दावा आधी घेतो, कारण नोटिशीचा सगळा जीव त्यातच आहे.

एक नमुन्याचं प्रकरण धरू. साताऱ्याच्या एका बाईंची आरोग्य पॉलिसी 14 जून 2019 पासून, एकदाही खंड नाही. सुरुवातीला विमा 3 लाखांचा, जून 2022 च्या नूतनीकरणात 5 लाख केला. 9 डिसेंबर 2024 ला छातीत दुखून पुण्यात दाखल झाल्या, अँजिओप्लास्टी झाली. बिल 3,42,600 रुपये. त्यातले 12,600 हातमोजे, नातेवाइकांचं जेवण वगैरे पॉलिसीत न बसणाऱ्या बाबींचे. कॅशलेस नाकारलं म्हणून पैसे खिशातून भरले आणि क्लेम लावला. 3 मार्च 2025 च्या पत्राने तोही नाकारला. कारण एकाच ओळीचं: डिस्चार्ज समरीत «हायपरटेन्शन, 7 वर्षांपासून» अशी नोंद आहे, प्रस्तावात ते सांगितलेलं नाही, सबब महत्त्वाची माहिती दडवली.

अशा वेळी घरातला कोणीतरी तावातावाने लिहितो: «बीपी होतं हे खरं, पण बीपीचा आणि हार्टचा काय संबंध?» इथेच केस निम्मी हरली. सात वर्षांचं बीपी तुम्ही स्वतःच्या सहीने कबूल केलं, आणि ते दडवलं हे सिद्ध करण्याचा जो भार कंपनीवर होता तो तिच्या खांद्यावरून उतरवला. वर बीपीचा आणि हृदयविकाराचा संबंध नाही हे कोणता डॉक्टर लिहून देईल? नोटिशीतलं प्रत्येक वाक्य पुढे आयोगात तुमच्याविरुद्ध वाचून दाखवलं जाऊ शकतं, हे धरूनच लिहायचं.

म्हणून आधी हॉस्पिटलकडे इनडोअर केस पेपर मागायचे. डिस्चार्ज समरी पुरत नाही, भरती झाल्या रात्रीची हाताने लिहिलेली पानं हवीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारनियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत ती द्यावी लागतात. आपल्या प्रकरणात त्या पानावर निवासी डॉक्टरांनी बीपीपुढे «7/12» लिहिलं होतं. (सातबारा नव्हे!) डॉक्टरी लघुलेखनात याचा अर्थ सात महिने, बारा हा छेद महिन्यांचा. डिस्चार्ज समरी टाइप करणाऱ्याने त्याची सात वर्षं केली. म्हणजे बीपी निघालं मे 2024 च्या सुमारास, पॉलिसी घेतल्यानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. गावातल्या डॉक्टरांचं मे 2024 चं पहिलं प्रिस्क्रिप्शन आणि हॉस्पिटलचं दुरुस्ती प्रमाणपत्र जोडलं की कारणाचा पायाच निघून जातो. दुरुस्तीचं प्रमाणपत्र एकटं मात्र देऊ नये. क्लेम नाकारल्यानंतर मिळवलेल्या कागदाकडे कंपनी संशयाने पाहते, आणि मूळ केस पेपर सोबत नसतील तर आयोगालाही तो संशय रास्त वाटतो.

दुसरा आधार मोरॅटोरियमचा. विमा नियामक आयआरडीएआयच्या 2024 च्या नियमांप्रमाणे सलग 60 महिने पॉलिसी चालू राहिल्यावर माहिती दडवल्याच्या कारणावरून क्लेम नाकारता येत नाही. अपवाद सिद्ध झालेल्या फसवणुकीचा. पूर्वी हीच मुदत आठ वर्षांची होती. बाईंचे 60 महिने जून 2024 मध्ये भरले, भरती डिसेंबरची. पण इथे एक खोच आहे: विमा रक्कम वाढवली असेल तर वाढीव रकमेचे 60 महिने वाढवल्या तारखेपासून मोजतात. 2022 ला वाढवलेल्या 2 लाखांना हे संरक्षण अजून मिळालेलं नाही. मागणी 3,30,000 ची, त्यामुळे बोनसचा हिशेब बाजूला ठेवला तर 3 लाख मोरॅटोरियमखाली सुरक्षित आणि वरचे 30,000 केवळ केस पेपरांच्या बळावर उभे. नोटिशीत हे दोन आधार वेगळे मांडावेत. सगळी रक्कम मोरॅटोरियमवर लटकवली की कंपनी नेमकी त्या 30,000 वर बोट ठेवून सगळ्या नोटिशीलाच चुकीची ठरवू पाहते.

कारणांवर नेमकं बोट ठेवण्याचं आणखी एक कारण आहे. 2019 मध्ये सौराष्ट्र केमिकल्सच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की क्लेम नाकारण्याच्या पत्रात जे कारण दिलेलं नाही, ते विमा कंपनीला नंतर ग्राहक आयोगात पुढे करता येत नाही. म्हणून त्या पत्रातलं वाक्य नोटिशीत जसंच्या तसं उतरवायचं. कारण तिथेच बांधलं जातं. शिवाय क्लेम नाकारण्याआधी कंपनीच्या क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी लागते आणि पत्रात पॉलिसीची नेमकी अट दाखवावी लागते. या दोन्ही गोष्टी नोटिशीत मागाव्यात. उत्तर नाही आलं तरी मागितल्याची नोंद राहते.

मजकूर साधारण असा:

«आपल्या 3 मार्च 2025 च्या पत्रात दिलेलं एकमेव कारण असे: (पत्रातील वाक्य). हे कारण मला मान्य नाही. भरतीच्या वेळच्या नोंदीत रक्तदाबाचा कालावधी सात महिने असा आहे (जोडपत्र 3). मे 2024 पूर्वी मला रक्तदाबाचे निदान झालेले नव्हते व त्यासाठी उपचार सुरू नव्हते. याशिवाय, मूळ 3 लाखांच्या विमा रकमेपुरते 60 महिन्यांचे सलग संरक्षण 14 जून 2024 पूर्वीच पूर्ण झाले आहे. फसवणुकीचा कोणताही आरोप आपल्या पत्रात नाही.»

«वर्षानुवर्षे हप्ते भरले», «सामान्य माणसाची लूट» अशी वाक्यं यात कुठेच नाहीत. राग खरा असतो, पण तो परिच्छेद वाचणारा कंपनीचा माणूस पुढच्या ओळीवर उडी मारतो.

तिसरा दावा, दहापट मागण्याचा. कोणत्या आयोगात जायचं ते आता मागणीच्या रकमेवर ठरत नाही, दिलेल्या मोबदल्यावर ठरतं, आणि विम्यात मोबदला म्हणजे हप्ता. तो 50 लाखांच्या आत असला की जिल्हा आयोग, 5 लाखांपर्यंत असला तर दाखल करायची फीही नाही. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते. साताऱ्याच्या बाईंना कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालायची गरज नाही. म्हणजे आकडा फुगवून मोठं व्यासपीठ मिळत नाही. जे मिळतं ते कंपनीच्या वकिलाला: «दहापट मागणाऱ्या तक्रारदाराचा हेतू बघा.»

मागणी अशी ठेवावी: 3,30,000 रुपये, क्लेम नाकारल्या तारखेपासून व्याज, मानसिक त्रासापोटी एक समजेल अशी रक्कम, खर्च वेगळा. बिलातले 12,600 आपणहून वगळल्याचं नोटिशीत लिहावं, त्याने बाकीच्या आकड्यावर विश्वास बसतो. हेच आकडे पुढे तक्रारीत राहिले पाहिजेत. उत्तरासाठी 15 दिवस द्या किंवा 30, तो तुमचा निर्णय, कायद्याचा नाही. लोकपालांचा पर्याय ठेवायचा असेल तर तसाही महिना थांबायचंच आहे. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा, पोच ठेवा, आणि तीच पीडीएफ कंपनीच्या तक्रार निवारणाच्या ई-मेलवर टाका. कंपनीच्या वतीने क्लेमचे कागद हाताळणाऱ्या टीपीएला फक्त प्रत द्यावी. क्लेम नाकारणं हा कंपनीचा निर्णय आहे, प्रतिवादीही तीच.

कंपनी सेटलमेंटला येतेही, घाबरून नाही तर कागद पाहून. तेव्हा बहुधा कमी रकमेचं व्हाउचर पुढे येतं, त्यावर «पूर्ण व अंतिम» असं छापलेलं असतं. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये सांगितलं आहे की अशी सही म्हणजे हक्क आपोआप संपला असं नाही. पण सही दबावाखाली किंवा फसवून घेतली हे मग तक्रारदाराने सिद्ध करायचं. बाईंना समजा 2 लाख देऊ केले, तर सही करण्याआधी ई-मेलने कळवावं की ही रक्कम हक्क राखून, अंशतः म्हणून स्वीकारत आहे आणि उरलेल्या 1,30,000 ची मागणी कायम आहे. कंपनी त्या अटीवर पैसे द्यायला नाही म्हणाली, तर तो ई-मेलही जोडपत्रांत लावायचा.