क्रिएटर अकाउंट केल्यावर मागच्या दाराने काय बदलतं

«तुम्ही उगाच घाबरवताय. दोन बटणं दाबली की इन्स्टाग्रामचं क्रिएटर अकाउंट होतं, नाही पटलं तर परत पर्सनल करता येतं. त्यात एवढं लिहिण्यासारखं काय आहे?»

दादा, परत पर्सनल करता येतं हे खरंच. पण परत केल्यावर काय काय जागेवर येत नाही, ते बघा.

आमच्या खानापूरकडच्या एक वैनी ब्लाउजवर आरी वर्क करतात. अकाउंट प्रायव्हेट, त्यात मुलांचे शाळेच्या गणवेशातले फोटो. उद्यमबागेतल्या नवऱ्याच्या ओळखीतल्या काहींच्या फॉलो रिक्वेस्ट त्यांनी मुद्दाम तशाच ठेवल्या होत्या. नाही म्हणायचं जिवावर येतं, हो म्हणायचं नाही. ऑर्डरी वाढाव्यात म्हणून त्यांनी क्रिएटर अकाउंट केलं. क्रिएटर हा प्रोफेशनल अकाउंटचाच एक प्रकार, आणि प्रोफेशनल अकाउंट प्रायव्हेट राहूच शकत नाही, त्यामुळे ते उघडं झालं आणि अडकवून ठेवलेल्या सगळ्या रिक्वेस्ट आपोआप मंजूर झाल्या. वैनींना कळलं ते मुलाच्या जुन्या फोटोवर अनोळखी माणसाचा लाइक आला तेव्हा.

घाबरून त्यांनी पर्सनल केलं, मग प्रायव्हेट. बाहेरच्यांना दार बंद झालं, पण आत आलेले आतच राहिले. ते आता रीतसर फॉलोअर, पोस्ट टाकली की त्यांना दिसणार. उपाय एकच: Followers यादी उघडून एकेकासमोरचं Remove दाबायचं. त्या माणसाला तसा निरोप जात नाही, म्हणून संकोच नको. शिवाय पर्सनलवर आलं की Insights मधले, म्हणजे पोस्ट किती जणांनी पाहिली वगैरेचे, आकडे जातात.

म्हणून क्रम महत्त्वाचा. आधी नको असलेल्या रिक्वेस्ट Delete करायच्या. मग घरगुती फोटो Archive मध्ये टाकायचे, आणि त्यानंतरच Account type and tools मध्ये जाऊन अकाउंट बदलायचं. वाटेत संपर्काचा नंबर, ईमेल विचारतात, तिथे घरचा नंबर भरू नका. Don't use my contact info असा पर्याय तिथेच असतो, पण नजर चुकते.

बदलल्यावर Account privacy एकदा उघडा. 10 जुलै 2025 पासून 18 वर्षांवरच्यांच्या प्रोफेशनल अकाउंटवरचे सार्वजनिक फोटो-व्हिडिओ गुगलसारख्या सर्च इंजिनात दिसू शकतात. ते नको असेल तर तिथलं बटण बंद करायचं. दुकानदाराला हे दिसणं हवंच असतं, ते वेगळं.

प्रोफेशनलचा दुसरा प्रकार बिझनेस. मग क्रिएटर की बिझनेस, असंही काही जण विचारतात. बिझनेसला गाण्यांची लायब्ररी तोकडी मिळते, म्हणून लोकप्रिय गाण्यांवर रील करणाऱ्याने क्रिएटरच घ्यावं.

फेसबुकच्या प्रोफेशनल मोडचं गणित निराळं आहे. तिथे जुन्या पोस्ट ज्यांना दिसत होत्या त्यांनाच दिसतात, पण नवी पोस्ट लिहिताना वर Public आधीच निवडलेलं असतं. पाठवण्याआधी तेवढं बघा.