फ्लश ओतण्याआधी इंजिनात काय साचलंय ते पाहा

"जुन्या गाडीत ऑइल बदलायच्या आधी फ्लशची बाटली ओता आणि दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा. आतला सगळा गाळ विरघळून बाहेर येतो, ऑइल कसं काळंकुट्ट निघतं ते स्वतःच बघा. गाडी ऑइल खायची थांबते, पिकअप नव्यासारखा होतो. लाखाच्या वर पळालेल्या प्रत्येक गाडीला दर सर्व्हिसला हे करायलाच हवं. नुकसान तर काहीच नाही."

हा सल्ला तपासताना काळ्या ऑइलपासून सुरुवात करतो, कारण लोकांचा विश्वास बसतो तो तिथेच. वापरलेलं ऑइल फ्लश न टाकताही काळंच निघतं. ऑइल तयार करतानाच त्यात डिटर्जंट आणि डिस्पर्संट घातलेले असतात. काजळीचे बारीक कण एकमेकांना चिकटू न देता ऑइलमध्ये तरंगत ठेवणं, हे डिस्पर्संटचं काम. म्हणजे ऑइल काळं झालं याचा अर्थ ते आपलं काम करतंय. डिझेल इंजिनात तर नवं ऑइलही थोड्याच वेळात काळं पडतं. त्यामुळे ड्रेन नटमधून पडणाऱ्या धारेचा रंग पाहून फ्लशने किती साफ केलं हे ठरवता येत नाही. ते ठरवायचं असेल तर टॅपेट कव्हर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचं झाकण, काढून आतला भाग फ्लशच्या आधी आणि नंतर पाहावा लागतो. ते कोणीच करत नाही.

आता 'सगळा गाळ' म्हणजे नेमकं काय ते पाहू. इंजिनात तीन वेगवेगळ्या गोष्टी साचतात. पहिला मऊ, चिकट गाळ. जळून थकलेलं ऑइल, पाणी, इंधन आणि काजळी मिळून तो होतो आणि टॅपेट कव्हरखाली व चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या पात्राच्या, तळाशी बसतो. दुसरा तपकिरी, लाखेसारखा थर, जो धातूवर घट्ट बसतो पण दिसतो तेवढा घातक नसतो. तिसरा कडक कार्बन, जो पिस्टनच्या रिंगांच्या खाचांत भाजून दगडासारखा होतो. बाजारातल्या बहुतेक फ्लशमध्ये रॉकेलच्या जातीचं द्रावक असतं आणि काहींत वरून डिटर्जंट. आयडलिंगवर दहा मिनिटांत अशा द्रावकाचा परिणाम होतो तो मुख्यतः पहिल्या प्रकारावर, आणि तोही वरवर. कडक कार्बन तेवढ्या वेळात जागचा हलत नाही.

पण खरा मुद्दा 'नुकसान काहीच नाही' हा आहे, आणि इथे मला थांबावंसं वाटतं.

ऑइलचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. चेंबरच्या तळाशी एक नळी उतरलेली असते, तिच्या तोंडाला जाळी असते, म्हणजे स्ट्रेनर. पंप त्या जाळीतून ऑइल ओढतो. फिल्टर येतो पंपाच्या पुढे. तिथून ऑइल बेअरिंग, कॅमशाफ्ट आणि असेल तर टर्बोकडे जातं. फिल्टर तुंबला तर त्याचा बायपास व्हॉल्व्ह उघडतो आणि न गाळलेलं का होईना, ऑइल पुढे जातं. जाळीला असा दुसरा रस्ता सहसा नसतो. ती तुंबली की पंपालाच ऑइल मिळत नाही.

मऊ गाळ साखरेसारखा पूर्ण विरघळला असता तर काळजी नव्हती. पण जाड थर कडेने आणि खालून सुटतो, आणि त्याच्या खपल्या निघतात. ड्रेन नट उघडला की पातळ ऑइल निघून जातं, खपल्या मात्र चेंबरच्या कोपऱ्यात, टॅपेट कव्हरखालच्या खोलगट जागांत आणि ऑइल खाली येण्याच्या वाटांवर राहतात. नंतर नवं, ताज्या डिटर्जंटचं ऑइल पडतं, गाडी रस्त्यावर धावते आणि त्या खपल्या हळूहळू जाळीवर येऊन बसतात. म्हणूनच बिघाड फ्लशच्या दिवशी दिसत नाही. तो पुढच्या शे-दोनशे किलोमीटरमध्ये दिसतो, आणि तोवर कोणी त्याचा संबंध फ्लशशी लावत नाही.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, सव्वा लाखाच्या पुढे पळालेलं, सेकंड हँड घेतलेलं, आधीच्या सर्व्हिसचा कागद नाही. चालायला शांत, धूर नाही. नव्या मालकाने काळजीपोटी फ्लश टाकून ऑइल आणि फिल्टर बदलून घेतलं. सुरुवातीला गाडी छान वाटली. मग गरम झाल्यावर सिग्नलला आयडलिंगवर ऑइलचा लाल दिवा लुकलुकायला लागला. रेस वाढवली की विझायचा. कोणीतरी सेन्सर खराब म्हणून बदलला, दिवा तसाच. माझ्याकडे आली तेव्हा सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावून पाहिलं. थंड असताना दाब ठीक, गरम झाल्यावर आयडलिंगला अर्ध्या बारच्याही खाली. चेंबर उतरवलं तर जाळीचा बहुतेक भाग काळ्या खपल्यांनी झाकलेला आणि तळाशी तसाच चुरा. जाळी, चेंबर आणि टॅपेट कव्हर हाताने साफ केलं, नवं ऑइल भरलं, दाब परत आला. बेअरिंग वाचले, कारण मालकाने दिवा पाहून गाडी हायवेला नेली नव्हती. गाळ फ्लशने तयार केला नव्हता, तो आधीपासून होता. फ्लशने फक्त तो जागचा हलवला, आणि बाहेर काढायची सोय नसताना हलवला.

दुसरं नुकसान दहा मिनिटांच्या आतलं आहे. साडेतीन लिटर ऑइलमध्ये ४०० मिलीलिटर फ्लश म्हणजे सुमारे दहा टक्के. ते जवळपास सगळं रॉकेलसारखं द्रावक असेल, तर १०० अंशांवर ४० ग्रेडचं ऑइल साधारण २० ग्रेडइतकं पातळ होतं. चांगल्या इंजिनाला भाराशिवाय, आयडलिंगवर हे काही मिनिटं चालून जातं. म्हणूनच बाटलीवर गाडी चालवू नका असं बजावलेलं असतं. पण ज्याच्या बेअरिंगमधली फट झिजून आधीच वाढली आहे, त्याचा दाब आयडलिंगला मुळातच काठावर असतो. जुन्या इंजिनासाठी म्हणून सुचवलेला उपाय तिथेच सगळ्यात कमी झेपतो. ऑइल काढल्यावरही गॅलरी, कूलर आणि हेडमध्ये थोडं जुनं मिश्रण राहतं आणि ते नव्या ऑइलमध्ये मिसळतं, हेही लक्षात घ्या.

ऑइल खाण्याबद्दल. त्याची कारणं वेगवेगळी असतात आणि ती ओळखता येतात. रात्रभर उभी गाडी सकाळी चालू करताना निळा धूर मारून थांबत असेल तर संशय व्हॉल्व्हच्या सीलवर. वेग घेताना सतत मारत असेल तर रिंगांवर. कधी नुसता पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारे वायू परत इनटेककडे सोडणारा व्हॉल्व्ह, अडकलेला असतो, तो आधी तपासा, कारण ते सगळ्यात सोपं काम आहे. झिजलेली रिंग आणि कडक पडलेलं रबर कोणत्याही बाटलीने पूर्ववत होत नाही. ऑइल रिंग कार्बनने फक्त अडकलेली असेल तर आशा असते, पण त्यासाठी स्पार्क प्लग काढून पिस्टनच्या डोक्यावर क्लीनर टाकून तासन्‌तास भिजत ठेवावं लागतं, म्हणजे द्रावक रिंगांपर्यंत पोचतं. चेंबरमधल्या पातळ केलेल्या ऑइलला तिथे पोचायला ना वेळ मिळतो, ना त्यात द्रावक पुरेसं असतं.

पिकअपचं थोडक्यात. चेंबरमधल्या गाळाचा ताकदीशी थेट संबंध फारसा नसतो. ऑइलच्या दाबावर चालणारा हायड्रॉलिक टॅपेट किंवा व्हॉल्व्ह टायमिंगचा सोलेनॉइड चिकटला असेल तर फरक पडू शकतो, हे खरं. एरवी सर्व्हिसनंतर गाडी हलकी वाटते ती नव्या ऑइलने आणि त्याच वेळी बदललेल्या एअर फिल्टरने.

फ्लशविरुद्ध बोलणारेही एक गोष्ट वाढवून सांगतात, ती इथेच दुरुस्त करतो. फ्लशने सील 'खाल्ले' म्हणून ऑइल गळायला लागलं, असं म्हणतात. दहा-पंधरा मिनिटांत चांगलं सील सहसा खराब होत नाही. कडक पडलेलं, चिरलेलं सील आधीच निकामी असतं, गाळाने ते झाकलेलं असतं आणि गाळ हलला की गळती उघडी पडते. मालकाच्या दृष्टीने परिणाम तोच, पण कारण वेगळं.

दर सर्व्हिसला करण्याचा सल्ला तर कोणत्याच बाजूने टिकत नाही. वेळेवर ऑइल बदललेल्या इंजिनात सहसा काढण्यासारखा गाळच नसतो. जनरल मोटर्सच्या मालक-पुस्तिकांत ऑइल सिस्टिमचं फ्लशिंग करू नये आणि त्याने झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतला ऑइलचा भाग वाचल्याशिवाय कोणाच्याही सल्ल्याने बाटली उघडू नका.

मग जुन्या इंजिनाचं करायचं काय? आधी ऑइल भरायचं झाकण काढा आणि टॉर्चने आत पाहा. पिवळसर-तपकिरी पातळ थर दिसला तर काळजीचं कारण नाही, फ्लशही नको. झाकणाखाली फिकट, मलईसारखं काही दिसलं तर ते बहुधा छोट्या फेऱ्यांमुळे साठलेलं पाणी आहे. कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासा. बोटाने खरवडता येईल असा काळा, जाड थर दिसला तर फ्लश अजिबात नको. टॅपेट कव्हर आणि चेंबर उतरवून हाताने साफ करणं हाच त्यावरचा खात्रीचा मार्ग. चेंबर काढणं शक्य नसेल तर पुस्तिकेतल्या ग्रेडचं चांगलं ऑइल भरा आणि नेहमीच्या अंतराची वाट न पाहता दीड-दोन हजार किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला. असं काही वेळा करा. ऑइलमधले डिटर्जंट थर हळूहळू, बारीक कणांत सोडवतात आणि ते फिल्टर अडवतो. गाळ दाट असेल तर ही सावकाश पद्धतही पूर्ण निर्धोक नाही, म्हणून त्या काळात गरम आयडलिंगच्या दाबावर नजर ठेवा.

फ्लशला जागा उरते ती मधल्या थोड्या गाड्यांत: सर्व्हिसचा इतिहास माहीत आहे, थर पातळ आहे, आणि टॅपेट चिकटून वाजण्यासारखी नेमकी तक्रार आहे. तिथेही द्रावकापेक्षा डिटर्जंटवर चालणारा प्रकार निवडा, सांगितलेल्या मिनिटांपेक्षा जास्त चालवू नका, आणि गरम ऑइल पूर्ण निथळेपर्यंत ड्रेन उघडा ठेवा.

आणि ज्यांनी फ्लश आधीच टाकून घेतलाय, त्यांनी निघालेला जुना फिल्टर मिळाला तर कापून त्याची घडी उघडून पाहावी. त्यात काळ्या खपल्या असतील तर नवं ऑइल आणि फिल्टर पाचशे किलोमीटरच्या आत पुन्हा बदला. गरम आयडलिंगला लाल दिवा लुकलुकला किंवा टॅपेटचा आवाज नव्याने सुरू झाला तर इंजिन तिथेच बंद करा, गाडी टो करून न्या, आणि सेन्सर बदलण्याआधी दाब गेजने मोजून चेंबर उतरवायला सांगा.