वसतिगृहाचा हीटर: मुलांच्या अंगच्या उबेवर हिशेब भागत नाही

“थंड प्रदेशातल्या वसतिगृहासाठी भिंती, छत आणि खिडक्यांतून जाणारी उष्णता मोजा आणि तेवढाच हीटर घ्या. फटींतली हवा आणि वायुवीजन मुलांच्या अंगच्या उबेत भागतं. शिवाय हीटर संध्याकाळीच लावायचा, म्हणजे लहानच पुरतो.”

हा दावा तपासायला लेहमधली वरच्या मजल्यावरची एक खोली घेऊ: ८ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच, १२ मुलं. बाहेर उणे १५, आत १८ अंश हवेत, म्हणजे फरक ३३ अंशांचा. दोन बाहेरच्या भिंती, छत आणि एकेरी काचेच्या खिडक्या मिळून दर अंशाला सुमारे १५९ वॉट सोडतात असं धरलं, तर हा ऱ्हास ५.२ किलोवॉट. इथवर दावा बरोबर आहे.

आता अंगची ऊब. शांत बसलेलं माणूस खोलीला साधारण ७० वॉट देतं, मुलं थोडं कमीच. पण प्रत्येकाला सेकंदाला ५ लिटर ताजी हवा द्यायची, तर ती तापवायलाच सुमारे १३० वॉट लागतात. म्हणजे मूल जितकं देतं त्याच्या जवळजवळ दुप्पट त्याची हवा घेऊन जाते. आणि हा आकडा लेहच्या विरळ हवेचा आहे. समुद्रसपाटीवर तो दीडपट भरेल. बाराजणांचे १.६ किलोवॉट झाले. फटींतून तासाला एकदा हवा पालटते असं धरलं, तर आणखी १ किलोवॉट. हवा आत आणणारा आणि बाहेर टाकणारा पंखा सारख्याच ताकदीचे असतील, तरच ताज्या हवेची आणि फटींतल्या हवेची बेरीज करावी. नुसता बाहेर टाकणारा पंखा असेल, तर त्याची हवा फटींतूनच येते आणि बेरजेत तीच हवा दोनदा मोजली जाते.

एकूण ७.८ किलोवॉट. हा खोली आधीच उबदार असतानाचा हिशेब.

सगळ्यात मोठी चूक “संध्याकाळीच” या शब्दात आहे. दिवसभर हीटर बंद, मुलं शाळेत, भिंती गार. भिंती, छत आणि जमीन यांचा आतला ५ सेंटिमीटर थर एक अंशाने तापवायला या खोलीत साधारण ४ युनिट लागतात. तो ४ अंश वर आणायचा तर १६ युनिट, तीन तासांत म्हणजे ५.३ किलोवॉट जादा. त्या वेळी खोली रिकामी असल्याने पंखे बंद ठेवता येतात, म्हणून ताज्या हवेचे १.६ वजा करा. हीटर हवा ११.५ किलोवॉटचा. अधूनमधून चालवल्याने महिन्याची वीज वाचते, पण यंत्र मोठं लागतं. खोलीत बुखारी, म्हणजे जळणावरची शेगडी, पेटवत असाल, तर मात्र हवेची वाट कधीच बंद करू नका. कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो.

हीटर कमी पडतोय हे ओळखायला एक संध्याकाळ पुरते. थर्मामीटर १८ दाखवतो, पण मुलं भिंतीपासून खाटा ओढून घेतात, आणि झोपायची वेळ झाली तरी हीटर एकदाही आपणहून बंद झालेला नसतो.