सिकलसेलची सोल्युबिलिटी टेस्ट निगेटिव्ह आली म्हणजे सगळं क्लिअर नसतं

"आईला सिकलसेल ट्रेट आहे, वडलांची टेस्ट निगेटिव्ह आली, मग लेकराला आजार कसा काय?"

ताई, आमच्या घरात हेच झालं, किनवटला. भाऊजींची नुसती सोल्युबिलिटी टेस्ट झाली होती, ती फक्त सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन दाखवते, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे थॅलेसेमियाचा एकच जीन असणं, तिच्यात दिसतच नाही. नंतर हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी एचपीएलसी टेस्ट केली तर त्यांचं ए टू हिमोग्लोबिन 5.2 टक्के निघालं, नॉर्मल साधारण साडेतीनच्या आत असतं. म्हणजे ते थॅलेसेमिया मायनर. भाच्याला आईकडून एस आला अन् बापाकडून थॅलेसेमियाचा जीन, नॉर्मल हिमोग्लोबिन जवळपास नाहीच.

पहिले पाच-सहा महिने लेकरू ठणठणीत, कारण पोटात असतानाचं हिमोग्लोबिन सांभाळून घेतं, ते कमी झालं अन् दहाव्या महिन्यात दोन्ही पंजे सुजले, बोटं टम्म फुगली, हात लावला की किंचाळायचं, आम्ही मुका मार समजून हळद लावत बसलो. होतं काय, पेशीनं ऑक्सिजन सोडला की एस हिमोग्लोबिन एकमेकाला चिकटून त्याच्या काड्या होतात, पेशी विळ्यासारखी वाकडी अन् कडक होते, बारीक नळीत अडकते, मग पुढच्या भागाला ऑक्सिजन पोचतच नाही, कळ तिथून येते. अन् 120 दिवस जगणारी पेशी थोड्याच आठवड्यांत फुटते, म्हणून डोळे पिवळे अन् रक्त कमी.

वडलांची एचपीएलसी करून घ्याच, त्यांच्या सीबीसीत एमसीव्ही, म्हणजे लाल पेशीचा आकार, कमी आहे का तेही बघा, अन् फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासल्याशिवाय लेकराला लोहाचं औषध सुरू करू नका.